दोन कॅमेऱ्यांच्या मधली पंधरा मिनिटं: गाडीच्या सरासरी वेगातून मध्यमान प्रमेय

एक गाडी सकाळी बरोबर १० वाजता महामार्गावरच्या एका कमानीखालून जाते. कमानीवरचा कॅमेरा नंबरप्लेट आणि वेळ टिपतो. त्या क्षणी गाडीचा वेग ताशी ९० किमी आहे. ३० किमी पुढे दुसरी कमान आहे. तिथे गाडी १० वाजून १५ मिनिटांनी पोचते आणि तिथेही वेग ताशी ९०. रस्त्याची मर्यादा ताशी १००. मधे कुठेही स्पीडगन नाही, पोलीस नाही. तरी चालकाच्या मोबाईलवर ई-चलान येऊन पडतं.

असे जोडकॅमेरे ब्रिटनमध्ये १९९९ पासून आहेत, इटलीच्या महामार्गांवर २००५ पासून आहेत आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरच्या कॅमेरा यंत्रणेतही सरासरी वेग काढण्याची सोय आहे. त्यांचा हिशोब साधा भागाकाराचा: ३० किमी पाव तासात, म्हणजे सरासरी ताशी १२०. पण मर्यादा असते ती त्या-त्या क्षणीच्या वेगाला. सरासरीवर मर्यादा कुणी घातलेली नाही. मग सरासरीवरून क्षणाबद्दल काही म्हणण्याचा हक्क यंत्रणेला कुठून मिळाला? तो मध्यमान प्रमेयातून मिळतो. बारावीत 'लाग्रांज मीन व्हॅल्यू थिअरम' म्हणून जे भेटतं, तेच हे.

प्रमेय म्हणतं ते असं: पहिल्या कमानीपासून दुसरीपर्यंतच्या प्रवासात निदान एक क्षण असा होता, की त्या क्षणी गाडीचा वेग बरोब्बर ताशी १२० होता. 'साधारण १२०' किंवा '१०० च्या वर कुठेतरी' एवढंच ते म्हणत नाही. नेमका १२०. या लेखात आपण आधी तो क्षण शोधू, मग तो असावाच का लागतो ते पाहू, आणि शेवटी प्रमेयाच्या अटी मोडल्या तर काय होतं ते तपासू. माझ्या मते खरी मजा या शेवटच्या भागात आहे, आणि नेमका तोच भाग शिकवताना 'दोन अटी लिहा, दोन गुण' एवढ्यावर उरकला जातो.

पहिली पायरी: प्रवास फलनात मांडा

वेळ t मिनिटांत मोजू. पहिल्या कमानीखाली t = 0, दुसरीखाली t = 15. पहिल्या कमानीपासून रस्त्याने कापलेलं अंतर s(t), किलोमीटरमध्ये. मिनिटं आणि किलोमीटर धरल्यामुळे वेग 'किमी प्रति मिनिट' असा येईल. त्याला ६० ने गुणलं की ताशी वेग मिळतो. म्हणजे १.५ म्हणजे ताशी ९०, आणि २ म्हणजे ताशी १२०.

आपल्या गाडीचा प्रवास असा झाला असं धरू:

```
s(t) = 1.5t + 0.1t² − t³/225
s(0) = 0,  s(15) = 22.5 + 22.5 − 15 = 30
```

हे फलन मी मुद्दाम असं निवडलं आहे, की दोन्ही कमानींखाली वेग ताशी ९० यावा. वेग म्हणजे अंतराचा विकलज:

```
s'(t) = 1.5 + 0.2t − t²/75
s'(0) = 1.5,  s'(15) = 1.5
```

टोकांना १.५, म्हणजे ताशी ९०. मधे साडेसात मिनिटांनी वेग सर्वाधिक होतो: १.५ + १.५ − ०.७५ = २.२५, म्हणजे ताशी १३५. चालकाने कॅमेरा मागे पडताच पाय दाबला आणि पुढचा कॅमेरा येण्याआधी काढून घेतला. प्रत्येक कमानीवर नुसती स्पीडगन असती, तर हा माणूस सहीसलामत सुटला असता.

दुसरी पायरी: तो क्षण शोधा

सरासरी वेग म्हणजे (s(15) − s(0)) / (15 − 0) = 30/15 = 2. आता विकलज २ बरोबर ठेवायचा:

```
1.5 + 0.2t − t²/75 = 2
t² − 15t + 37.5 = 0
t = (15 ± √75)/2  →  t ≈ 3.17  किंवा  t ≈ 11.83
```

म्हणजे एकदा सुमारे ३ मिनिटं १० सेकंदांनी वेग चढताना, आणि पुन्हा सुमारे ११ मिनिटं ५० सेकंदांनी वेग उतरताना, काटा १२० वरून गेला. प्रमेय 'निदान एक' म्हणतं, इथे दोन सापडले. प्रमेयाला संख्येशी देणंघेणं नाही. वीसही असू शकतात. आणि गाडीने आख्खा प्रवास एकाच १२० च्या वेगाने केला, तर मधला प्रत्येक क्षण चालतो.

पेपरात हेच गणित आलं, तर उत्तराच्या शेवटी दोन गोष्टी तपासा. मिळालेला क्षण, म्हणजे पुस्तकातला c, हा 0 आणि 15 यांच्या *आत* आहे ना, आणि दोन्ही मुळं अंतरालात असतील तर दोन्ही लिहिली ना. वर्गसमीकरणाचं एक मूळ बऱ्याचदा अंतरालाबाहेर पडतं; ते न तपासता लिहिलं की गुण जातो.

एक प्रामाणिक अडचण अशी, की यंत्रणेकडे s(t) नसतं. तिच्याकडे असतात दोन वेळा आणि एक अंतर, बस. सूत्र आपल्यासमोर होतं म्हणून आपण क्षण शोधला. सूत्र नसतानाही तो क्षण होताच, हे छातीठोकपणे सांगायचं तर सिद्धता हवी.

तिसरी पायरी: शेजारून दुसरी गाडी सोडा

बरोबर १० वाजता पहिल्या कमानीखालून आणखी एक गाडी निघाली अशी कल्पना करा. ही गाडी संपूर्ण वेळ ताशी १२० चा एकच वेग धरून जाते. तिचं अंतर 2t. ती दुसऱ्या कमानीखाली केव्हा पोचेल? १० वाजून १५ मिनिटांनीच. दोन्ही गाड्या एकत्र निघतात आणि एकत्र पोचतात.

आता दोघींमधलं अंतर बघा:

```
g(t) = s(t) − 2t
g(0) = 0,  g(15) = 0
```

आपल्या उदाहरणात आपली गाडी ९० ने निघाली म्हणून सुरुवातीला मागे पडते. ३ मिनिटं १० सेकंदांनी ती सुमारे ७२२ मीटर मागे असते, आणि त्याहून मागे कधीच जात नाही. तिथून ती अंतर भरून काढू लागते. साडेसात मिनिटांनी दोघी बरोबरीला येतात, मग आपली गाडी पुढे जाते, आणि ११ मिनिटं ५० सेकंदांनी ती ७२२ मीटर पुढे असते. त्यानंतर दुसरी तिला गाठू लागते.

जिथे अंतर सर्वाधिक होतं, ते दोन क्षण पुन्हा पाहा. मागच्या पायरीत १२० चे म्हणून जे सापडले होते, तेच हे. कारण उघड आहे. आपली गाडी मागे पडत होती तोवर तिचा वेग १२० पेक्षा कमी होता. ती अंतर भरून काढू लागली, तेव्हा वेग १२० पेक्षा जास्त झाला होता. मागे पडणं थांबलं आणि भरून काढणं सुरू झालं, त्या वळणाच्या क्षणी दोघींचा वेग सारखा. g चा विकलज तिथे शून्य, म्हणजे s'(t) = 2.

इथे विद्यार्थ्यांची हमखास एक गल्लत होते. साडेसात मिनिटांनी गाड्या शेजारी-शेजारी असतात, g शून्य असतं, म्हणून वेग सारखा असेल असं वाटतं. त्या क्षणी आपल्या गाडीचा वेग १३५ आहे! शेजारी असणं म्हणजे g = 0, सारख्या वेगात असणं म्हणजे g' = 0. प्रमेयाला दुसरं हवं आहे.

सर्वसाधारण सिद्धता एवढीच आहे. g दोन्ही टोकांना शून्य. ते मधे कुठेतरी शून्याहून वर किंवा खाली गेलं, तर त्याचं शिखर किंवा तळ आतल्या एखाद्या क्षणी असणार, आणि तिथे विकलज शून्य. आणि ते शून्यावरून हललंच नाही, तर विकलज सगळीकडेच शून्य. टोकं सारखी असण्याचा हा खास प्रकार म्हणजेच रोलचं प्रमेय. मिशेल रोल याने ते १६९१ मध्ये बहुपदींपुरतं मांडलं होतं. त्यातून टोकं सारखी नसलेल्या फलनाकडे जाणं म्हणजे 2t वजा करणं, बाकी काही नाही. क्षणाच्या वेगाचा विचार तर आपल्याकडे त्याहून कितीतरी जुना आहे: भास्कराचार्यांनी ११५० च्या सिद्धान्तशिरोमणीत ग्रहाच्या दैनंदिन गतीपासून वेगळी अशी तात्कालिकी गती काढली आहे.

अटी नेमक्या कुठे लागल्या

प्रमेयाची पूर्ण भाषा अशी आहे: s हे फलन बंद अंतराल [0, 15] वर संतत असावं, आणि खुल्या अंतराल (0, 15) मध्ये प्रत्येक बिंदूला विकलनक्षम असावं. वरच्या सिद्धतेत या दोन्ही अटी एकेकदाच वापरल्या गेल्या, आणि कुठे ते बोट ठेवून दाखवता येतं.

'g चं शिखर किंवा तळ कुठेतरी असतोच' हे वाक्य सांतत्याचं आहे. बंद अंतरालावरचं संतत फलन आपली कमाल आणि किमान किंमत गाठतंच. फलनाने उडी मारली, तर ते शिखराच्या जवळ-जवळ जात राहील आणि शिखर न गाठताच खाली पडेल.

'शिखरावर विकलज शून्य असतो' हे वाक्य विकलनक्षमतेचं आहे. शिखर टोकदार असेल, तर तिथे विकलजच नसतो. शून्य कुठून येणार?

अटीत काय नाही तेही पाहा. वेग संतत असावा असं प्रमेय कुठेही म्हणत नाही. पुष्कळ ठिकाणी हे प्रमेय 'वेग ९० वरून १३५ वर गेला, म्हणजे मधे १२० लागलंच असणार' असं समजावलं जातं. ते समजायला सोपं आहे, पण ती मध्यंतर मूल्य प्रमेयाची सिद्धता झाली, वेग संतत आहे असं गृहीत धरून केलेली. शिवाय आधी वेग कुठेतरी १२० च्या खाली आणि कुठेतरी वर होता हे त्यात सिद्ध करावं लागतं, ते वेगळंच. दुसऱ्या गाडीची सिद्धता या दोन्हींशिवाय चालते.

उडी: बोगद्यातला जीपीएस

खरी गाडी एका जागेवरून नाहीशी होऊन दुसरीकडे उगवत नाही, त्यामुळे सांतत्याची अट फुकाची वाटते. पण यंत्रणेकडे गाडी नसते, गाडीची *नोंद* असते, आणि नोंद उड्या मारते.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर भाताण, माडप, कामशेत असे बोगदे आहेत. बोगद्यात जीपीएसचा सिग्नल जातो. समजा तुमच्या गाडीत बसवलेलं ट्रॅकिंग यंत्र सिग्नल गेल्यावर शेवटची जागा धरून बसतं, आणि बाहेर आल्यावर पुन्हा खरी जागा लिहू लागतं. बोगदा १ किमीचा, मर्यादा ६० धरू, आणि तुम्ही संपूर्ण वेळ शिस्तीत बरोबर ताशी ६० ने, म्हणजे मिनिटाला १ किमी असे चालला आहात. तोंडाशी शिरताना t = 0, बाहेर पडताना t = 1.

नोंदीत ० ते १ मिनिट अंतर 0 च राहतं, t = 1 ला ते एकदम 1 होतं, आणि मग मिनिटाला १ या दराने वाढतं. आता कुणी अर्ध्या मिनिटापासून दीड मिनिटापर्यंतचा तुकडा काढला:

```
s(0.5) = 0,  s(1.5) = 1.5
सरासरी = 1.5 / 1 = 1.5 किमी प्रति मिनिट
```

म्हणजे ताशी ९०. पण नोंदीत वेग कधी ० आहे, कधी ६०. ९० कुठेच नाही, ६० च्या वरही कुठे नाही. प्रमेय लागू करून 'केव्हातरी ९० होते' असं कुणी म्हटलं, तर मर्यादा पाळणाऱ्या माणसावर मर्यादा मोडल्याचा ठपका बसतो. हे केवळ पुस्तकी उदाहरण नाही; ट्रॅकिंगच्या नोंदीवरून चालकाचे पैसे कापणाऱ्या ठिकाणी नेमका असाच वाद उभा राहू शकतो.

उडी अंतरालाच्या टोकावर असली तरी तेवढीच घातक ठरते. याच नोंदीत ० ते १ मिनिट हा तुकडा घ्या. सुरुवातीला 0, शेवटी 1, सरासरी ताशी ६०. पण आतल्या प्रत्येक क्षणी नोंदलेला वेग शून्य. सगळी वाढ शेवटच्या बिंदूवरच्या उडीत झाली. म्हणून सांतत्य *बंद* अंतरालावर मागितलेलं असतं, टोकांसकट.

उडी ओळखायची कशी? लगतच्या दोन नोंदींमधलं अंतर पाहा. यंत्र दर सेकंदाला नोंद करत असेल, तर ताशी १२० च्या गाडीचंही एका सेकंदातलं अंतर साधारण ३३ मीटर. दोन लगतच्या नोंदींत ९०० मीटरचा फरक दिसला, तर गाडी नाही, नोंद उडाली आहे. त्या तुकड्यावर प्रमेय चालवू नका. उडीच्या आधीचा आणि नंतरचा भाग वेगळा घ्या, किंवा बोगद्याच्या दोन्ही तोंडांवरच्या पक्क्या वेळा मिळवा.

कोपरा: एकदम बदललेला वेग

आता विकलनक्षमता. गाडी १० मिनिटं ताशी ९० ने जाते आणि ठीक दहाव्या मिनिटाला, काही क्षण न लागता, १२० ची होऊन पुढची १० मिनिटं तशीच जाते. अंतर १५ + २० = ३५ किमी, वेळ २० मिनिटं, सरासरी ताशी १०५. काटा १०५ वर कधीच नव्हता. अंतराचा आलेख तुटलेला नाही, पण दहाव्या मिनिटाला त्याला कोपरा आहे, आणि कोपऱ्यावर विकलज नाही. दुसरी गाडी १०५ ने सोडली, तर आपली गाडी सर्वाधिक मागे नेमकी त्या कोपऱ्यावर पडते. तळ आहे, पण टोकदार.

खऱ्या गाडीत असं होत नाही, कारण वेग एका क्षणात बदलायला अमर्याद बल लागेल. ९० वरून १२० वर जायला गाडीला काही सेकंद लागतात, आणि १०५ चा क्षण त्या सेकंदांत दडलेला असतो. २० मिनिटांच्या प्रवासात तुम्ही रँडम शंभर वेळा काट्याकडे पाहिलंत तरी तो कदाचित दिसणार नाही, पण प्रमेय खोटं ठरत नाही. नोंद मात्र इथेही दगा देते. मिनिटा-मिनिटाला जागा टिपून मधे सरळ रेषा जोडल्या, की आलेखाला प्रत्येक मिनिटाला कोपरा येतो.

अट मोडली म्हणजे निष्कर्ष खोटाच ठरेल, असं मात्र समजू नका. गाडी १० मिनिटं ९० ने, मग १० मिनिटं १०५ ने, मग १० मिनिटं १२० ने, अशीच झटक्यात बदलत गेली, तर दोन कोपरे आहेत, सरासरी १०५ आहे, आणि १०५ चे क्षण भरपूर आहेत. अटी पूर्ण असल्या तर हमी. नसल्या तर हमी नाही, एवढंच. 'फलन विकलनक्षम नाही, म्हणून c अस्तित्वात नाही' असं उत्तरपत्रिकेत लिहिणं चूक आहे. 'प्रमेय लागू होत नाही' असं लिहा, आणि c नाही असं म्हणायचं असेल तर ते वेगळं दाखवा.

टोकांच्या बिंदूंवर विकलज का मागत नाहीत, हेही आता दिसेल. सिद्धतेला फक्त आतलं शिखर लागतं. [0, 4] वर √x घ्या. शून्यावर त्याची स्पर्शिका उभी आहे, विकलज नाही. तरी प्रमेय लागू आहे: सरासरी 2/4 = 1/2, आणि 1/(2√c) = 1/2 मधून c = 1.

वर्तुळाकार ट्रॅक: अंतर कुठलं मोजता?

अटींत न लिहिलेली एक अट आहे, ती म्हणजे फलनाची किंमत एकच संख्या असावी. गाडीची जागा नकाशावर दोन संख्यांनी सांगितली, पूर्वेकडे इतकी आणि उत्तरेकडे इतकी, की प्रमेय निसटतं.

१ किमी घेराच्या गोल ट्रॅकवर गाडी ताशी ६० ने एक फेरी मारते. एका मिनिटानंतर ती निघाली तिथेच आहे. नकाशावरचं विस्थापन शून्य, म्हणून सरासरी सदिश वेग शून्य. पण गाडी क्षणभरही थांबलेली नाही. पूर्व-पश्चिम वेग फेरीत दोनदा शून्य होतो, उत्तर-दक्षिण वेगही दोनदा शून्य होतो, प्रत्येकाला प्रमेय आपापलं लागू आहे. फक्त ते दोन्ही एका वेळी कधीच शून्य होत नाहीत.

म्हणून कॅमेऱ्यांमधलं अंतर हे *रस्त्याने* मोजलेलं असतं. s(t) म्हणजे रस्त्यावर पुढे सरकलेलं अंतर, एकच संख्या. खंडाळ्याच्या घाटात वळणांमुळे हवेतलं अंतर आणि रस्त्याचं अंतर यांत बराच फरक पडतो, आणि प्रमेय रस्त्याच्या अंतरालाच लागू आहे.

चलानाला प्रमेय पूर्ण लागतच नाही

इथवर आल्यावर एक गोष्ट लक्षात घ्या. पोलिसांना 'नेमका १२०' सिद्ध करायचा नाही. त्यांना एवढंच हवं आहे, की मर्यादा मोडली. त्यासाठी प्रमेयातून निघणारी असमता पुरते: वेग सतत १०० किंवा कमी असेल, तर १५ मिनिटांत जास्तीत जास्त २५ किमी होतात. ३० झाले, म्हणजे मर्यादा मोडली.

ही असमता मूळ प्रमेयापेक्षा दणकट आहे. मोजके कोपरे तिला चालतात, कारण कोपऱ्यांवर प्रवासाचे तुकडे पाडून प्रत्येकावर ती लावता येते आणि बेरीज करता येते. गोल ट्रॅकवरही ती टिकते: हवेतलं अंतर कधीच 'सर्वाधिक वेग गुणिले वेळ' यापेक्षा जास्त होत नाही. पण उडी तिलाही चालत नाही. बोगद्याच्या नोंदीत वेग कुठेच ६० च्या वर नव्हता आणि तरी एका मिनिटात दीड किमी भरलं. व्यवहारात मी तरी आधी उड्या शोधीन, कोपऱ्यांची काळजी करणार नाही.

मोजमापाची चूकही याच असमतेत बसवता येते. रस्त्यावरच्या सर्वांत जवळच्या मार्गाने अंतर मोजलं, तर प्रत्यक्षात गाडी तेवढी किंवा जास्तच चालली असणार, फायदा चालकाला. दोन कॅमेऱ्यांच्या घड्याळांत २ सेकंदांची तफावत असली, तर ९०० ऐवजी ९०२ सेकंद धरून सरासरी ताशी ११९.७ येते, निर्णय बदलत नाही. पण कॅमेरे ५०० मीटरवरच असते तर? ताशी १०० ने ते अंतर १८ सेकंदांत पार होतं. घड्याळाच्या चुकीने १६ लागले असं दिसलं, तर सरासरी ताशी ११२.५, आणि नियम पाळणारा माणूस गुन्हेगार. टप्पा लांब ठेवण्यामागे हेच गणित आहे.

दोन मर्यादांचा टप्पा

शेवटी तो प्रकार, जिथे प्रमेय सरळ लावलं तर फसायला होतं. ३० किमीच्या टप्प्यात पहिले २० किमी सपाट, मर्यादा १००. पुढचे १० किमी घाट, मर्यादा ६० असं धरा. एक गाडी हा टप्पा २० मिनिटांत पार करते. सरासरी ताशी ९०.

प्रमेय सांगतं की एका क्षणी वेग ९० होता. पण तो क्षण सपाटीवरचा असेल, तर ९० कायदेशीर आहे! चालक म्हणेल, सरासरी १०० च्या आत आहे, मी सुटलो. तो सुटत नाही. टप्प्याला एक प्रमेय लावण्याऐवजी दोन भागांना दोनदा लावा:

```
सपाट: 20 किमी, 100 ने → किमान 12 मिनिटं
घाट:  10 किमी,  60 ने → किमान 10 मिनिटं
एकूण किमान 22 मिनिटं
```

मर्यादा पाळून २२ मिनिटांच्या आत पोचणं शक्यच नाही. २० मिनिटं लागली, म्हणजे सपाटीला १२ पेक्षा कमी लागली किंवा घाटाला १० पेक्षा कमी. दोन्हींपैकी निदान एक खरं. ज्या भागाला कमी वेळ लागला, त्या भागाची सरासरी त्या भागाच्या मर्यादेहून जास्त, आणि प्रमेयाने त्याच भागात तो वेग एका क्षणी गाठला गेला. म्हणून अशा टप्प्यावर यंत्रणेने सरासरी वेगाची तुलना १०० शी करायची नसते, वेळेची तुलना २२ मिनिटांशी करायची असते. २२ मिनिटांची सरासरी ताशी ८२ च्या आतच येते, म्हणजे नुसत्या १०० च्या चाळणीतून कितीतरी गाड्या निसटल्या असत्या.

उलट बाजूही आहे. गाडीला २४ मिनिटं लागली, तर तिने मर्यादा पाळल्याच असं सिद्ध होत नाही. घाटात ८ मिनिटांत, म्हणजे ताशी ७५ ने उतरून सपाटीवर चहाला थांबलेली गाडीही २४ मिनिटांत पोचते. आणि २० मिनिटांच्या गाडीने मर्यादा मोडली हे ठाम असलं, तरी ती सपाटीवर मोडली की घाटात, हे दोन वेळांवरून कळत नाही. ते चलानावर लिहायचं असेल, तर घाट जिथे सुरू होतो तिथे तिसरा कॅमेरा लावावा लागतो.